जमीन नसलेली रोवळी

वस्तूला तिच्या पार्श्वभूमीतून सोडवून घेण्याच्या कामाला आमच्या धंद्यात ‘नुक्की’ म्हणतात. बूट असो, भात शिजवायचं भांडं असो, त्याच्या कडेने संगणकाच्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांची रेघ ओढत जायचं, रेघ जिथून निघाली तिथे परत आणून मिटवायची आणि बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. उरलेल्या वस्तूमागे काहीच नसतं, म्हणून ती कुठल्याही पानावर ठेवता येते. मी ग्वांगजू शहरात अकरा वर्षं हे काम केलं. ते काम मी चांगलं करत होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे घडलं ते माझ्या अज्ञानातून घडलं नाही, सवयीतून घडलं.

ब्यॉन साहेबांची कंपनी हाताने बनवलेल्या वस्तू निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांत विकत असे. वस्तू कारागिराची असायची. पानं, चित्रं आणि मजकूर आमचा. त्या वसंतात त्यांनी दाम्यांग गावच्या ग्वाक दोक-सू यांची रोवळी विकायला घेतली. ग्वाक आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे. गावच्या बाजारात त्यांचं गिऱ्हाईक दोन-चार म्हाताऱ्यांवर आलं होतं. ही पानं चालली तर ते आणखी काही वर्षं बांबू फोडणार होते; नाहीतर सुऱ्या पुसून ठेवून देणार होते. हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं, आणि इतक्या सहजपणे, की जणू शेजाऱ्याविषयी बोलत होते.

फोटो काढायला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते अंगणातल्या फरशीवर बसले होते. पायाच्या अंगठ्यात बांबूची कांब धरून ते तिचा काठ तासत होते. त्यांच्या पत्नी, सुल्ले आजी, उकडलेली रताळी घेऊन बाहेर आल्या.

“पोरी, फोटोत ह्यांना घेऊ नकोस हं,” त्या म्हणाल्या. “लोक रोवळी घ्यायला येतील आणि ह्यांचं तोंड बघून परत जातील.”

“अगं, तुझं तोंड बघून तर सरकारी माणूससुद्धा मोजणी न करता परत गेला होता,” आजोबा मान वर न करता म्हणाले.

“मोजणीचा नव्हता तो, गॅसचा होता. तेव्हापासून गॅस नीट येत नाही.”

मी तयार रोवळी हातात घेतली. मोकळ्या विणीची होती. तांदूळ धुताना पाणी झरझर निघून जावं अशी. काठाभोवती रानवेलीच्या सालीचे वेढे होते, आणि एका ठिकाणी वेढा दुहेरी होऊन आडवा गेला होता. तिथे काठ जरासा फुगलेला होता. बोट फिरवलं की त्या जागी अडायचं.

“इथे चुकलं का, आजोबा?”

ते हसले. “माझ्या बापाच्या अंगठ्याचं पेर तुटलेलं होतं. वेढा संपवताना साल त्याच्या हातात घट्ट बसायची नाही, म्हणून तो तिथे दोनदा आडवी घ्यायचा. मी त्याच्याकडेच शिकलो. माझा अंगठा धड आहे, पण हाताला दुसरं येत नाही. बाजारात उलटी ठेवली तरी लोक काठ चाचपून सांगतात, ही ग्वाकची.”

फोटो काढताना त्यांनी रोवळी फरशीवर ठेवली, जरा विचार केला आणि खालचे बांबूचे कपचे हाताने सारखे केले. “हे राहू दे,” ते म्हणाले. “कुठे बनली ते दिसू दे.”

मला त्यांची समजूत घालावी लागली. “आजोबा, एकच चित्र खूप पानांवर जातं. दुकानाच्या यादीत पांढऱ्यावर, सणाच्या पानावर तांबड्यावर, पाककृतीच्या पानावर हिरव्यावर. खाली फरशी राहिली तर प्रत्येक पानावर तुमचं अंगण दिसेल. जमीन काढली की ती कुठेही बसते.”

“कुठेही?”

“कुठेही.”

“मग कुणाचीही म्हण की,” सुल्ले आजी म्हणाल्या, आणि एक रताळं सोलून माझ्या हातात दिलं. आम्ही तिघंही हसलो. करारावर सही करताना मात्र आजींनी ब्यॉन साहेबांकडून एक ओळ घालून घेतली: ग्वाक यांच्या रोवळीचं चित्र ग्वाक यांच्याच मालाच्या पानांवर वापरलं जाईल. आजी शाळेत फक्त तीन वर्षं गेल्या होत्या.

ऑफिसात परतल्यावर अडचण दिसली. पार्श्वभूमी आपोआप काढणाऱ्या साधनाला रोवळीची बाहेरची कड नीट कळली, पण विणीतली भोकं कळली नाहीत. प्रत्येक भोकात अंगणाची करडी फरशी तशीच राहिली. हाताने करायचं तर समोरच्या बाजूला तीनशे एकोणचाळीस भोकं होती. मी मोजली होती. दोन दिवसांचं काम. ब्यॉन साहेबांना त्याच आठवड्यात नऊ वस्तू हव्या होत्या.

“हे-रान, रेघा ओढण्याचे दिवस गेले,” ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून, माझं नाव घेऊन म्हणाले. “एआयला फोटो द्या, प्रॉम्प्ट लिहा, चित्र घ्या. तुम्ही अजून पाटावरवंटा घेऊन बसलाय.”

मी प्रॉम्प्ट लिहिला: ‘या फोटोतली बांबूची रोवळी वेगळी करून दे. पार्श्वभूमी पारदर्शक.’ आलेल्या चित्रात रोवळीमागे राखाडी-पांढरे चौकोन होते. मागे काही नाही हे दाखवायला आमच्या पडद्यावर असेच चौकोन दिसतात, म्हणून मी क्षणभर फसले. चित्र तांबड्या पानावर ठेवलं, तर चौकोन तसेच राहिले. यंत्राने पारदर्शकता दिली नव्हती. तिचं चित्र रंगवून दिलं होतं.

मग मी शब्द सोडून आधी सेटिंग्ज तपासल्या. त्या साधनात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवण्याचा वेगळा पर्याय होता, तो निवडला. फाइल पीएनजी मागितली, कारण आम्ही नेहमी वापरायचो त्या जेपीजी प्रकारात पारदर्शकता टिकतच नाही. सूचनाही वाढवली: ‘पूर्ण रोवळी चौकटीत, चारी बाजूंना मोकळी जागा. जमीन नको, जमिनीवर पडलेली सावली नको. विणीतल्या प्रत्येक भोकातून आरपार दिसावं, भोकं पांढऱ्याने भरू नयेत. प्रकाश सगळीकडून सारखा, कडेवर आजूबाजूच्या रंगाची झाक नको.’ सावली मुद्दाम नको म्हटली. ती प्रत्येक पानावर, त्या पानाच्या उजेडाप्रमाणे मी वेगळी घालणार होते. चित्रातच पक्की झालेली सावली दुसऱ्या पानावर खोटी दिसते.

या वेळी भोकं खरोखर मोकळी आली. पांढऱ्या, काळ्या आणि तांबड्या अशा तिन्ही पानांवर ठेवून मी कड तपासली. कुठे पांढरी किनार राहिली नव्हती. फक्त काठाच्या त्या फुगवट्यापाशी यंत्र गोंधळलं होतं. दुहेरी वेढ्याच्या जागी काहीतरी गाठाळ, चिखलासारखं आलं होतं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण अकरा वर्षांची सवय होती: गोल भांडं असलं की अर्धी बाजू नीट करायची, तीच उलटवून दुसरीकडे जोडायची. आमच्यात सगळेच करतात, आणि वाटीच्या बाबतीत त्यात काही वाईटही नाही. मी सूचनेला एक ओळ जोडली: ‘काठ सर्वत्र सारखा आणि नीटनेटका, दोन्ही बाजू एकसारख्या.’

रोवळी आली ती देखणी होती. फुगवटा नव्हता. बारकाईने पाहिल्यावर दिसलं की वीणही बदलली आहे. काही कांब्या दुसऱ्यांच्या खाली शिरत होत्या आणि पुन्हा वर येतच नव्हत्या. हे यंत्र कापत नाही, दिलेल्या फोटोकडे बघून नव्याने काढतं, हे मला माहीत होतं. ती आजोबांची रोवळी नव्हती. कुणाचीच नव्हती. मी ती फाइल सगळ्या पानांना जोडून टाकली आणि पुढच्या वस्तूकडे वळले.

पानं चालली. महिन्याला पाच-सहा रोवळ्या जायच्या त्या पंचवीसवर गेल्या. पैसे पोचवण्याच्या निमित्ताने मी दाम्यांगला गेले तेव्हा आजोबांनी माझा फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“वेढा कुठाय?”

“मागच्या बाजूला गेलाय, आजोबा. रोवळी जरा फिरवून घेतली.”

“हां,” ते म्हणाले आणि फोन परत दिला. फोटो काढताना रोवळी त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती, वेढा पुढे करून. ते त्यांना आठवत असणार. त्यांनी मला खोटं ठरवलं नाही, एवढंच. सुल्ले आजींनी सातूच्या चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि त्या आत निघून गेल्या.

सुगीच्या छुसक सणाआधी ब्यॉन साहेबांनी भेटवस्तूंच्या संचांची पानं काढली. आजोबा सणापर्यंत फार तर साठ रोवळ्या देऊ शकत होते. साहेबांना दोन हजार हव्या होत्या. त्या बाहेरच्या देशातल्या एका कारखान्यातून आल्या. यंत्राने कापलेल्या कांब्या, काठाला गरम दाबून चिकटवलेली पट्टी. पानं बनवायला मला सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच नव्हती. चित्र सामायिक फोल्डरमध्ये होतं. खाली जमीन नसलेलं, सावली नसलेलं, कुठेही बसणारं. छत्तीस पानांवर ते बसलं. मी ते पाहिलं तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते आणि मी काही बोलले नाही.

सणानंतर ग्वाक आजोबा आमच्या ऑफिसात आले. कापडी गाठोड्यात त्यांची रोवळी होती आणि दुसऱ्या पिशवीत आणखी एक. राजधानी सोलमधल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईने ती त्यांना पाठवली होती, सोबत चिठ्ठी: ‘तुमची म्हणून मागवली. धुतली तर गोंदाचा वास येतो. तब्येत बरी आहे ना?’

“तब्येत बरी आहे ना, असं विचारलंय,” आजोबा म्हणाले. त्यांना राग आला होता तो कारखान्याचा नव्हता, त्या प्रश्नाचा होता. “तिला वाटलं, म्हातारा आता असलं काहीतरी करायला लागला.”

ब्यॉन साहेबांनी त्यांना कॉफी दिली. “बसा, बसा आजोबा. ह्या पानांवर तुमचं नाव कुठेच नाही. बघा तुम्हीच.”

“नाव नाही. रोवळी आहे.” त्यांनी दोन बोटांनी पडदा दाखवला. “करारात ओळ आहे. माझ्या बायकोने घातलेली.”

“आहे ना. तुमच्या रोवळीचं चित्र तुमच्याच मालाला. मी कधी नाही म्हणालो?” साहेबांनी गाठोडं सोडलं, आजोबांची रोवळी पडद्याशेजारी धरली. “आता तुम्हीच सांगा. हिच्या काठावर हा उंचवटा आहे. चित्रात आहे?”

आजोबांनी पडद्यावरच्या काठावरून बोट फिरवलं.

“वीणसुद्धा बघा. तुम्ही कारागीर, मी काय सांगणार. ही अशी वीण तुम्ही घालता?”

“अशी वीण कुणीच घालत नाही,” आजोबा म्हणाले. “ही कांब इथे आत जाते आणि मरते. पाणी घातलं तर असली रोवळी उसवेल.”

“म्हणजे तुमची नाही.”

“ही पोर माझ्या अंगणातून फोटो घेऊन गेली!”

साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना त्याची आवश्यकताच नव्हती. “हे-रान, तुम्ही बनवलंय ना चित्र? सांगा. हे ह्यांच्या रोवळीचं चित्र आहे का?”

मी खूप वेळा त्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं स्वतःशी देऊन पाहिली आहेत. त्या दिवशी मला फक्त खरं बोलायचं होतं. आधी एकदा खोटं बोलून झालं होतं.

“त्यांच्या रोवळीवरून काढलं,” मी म्हणाले. “पण ती ही नाही.”

“झालं तर मग,” साहेब म्हणाले.

आजोबांनी दोन्ही रोवळ्या एकात एक ठेवल्या. कारखान्यातली थोडी लहान होती, आत बसली. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी ती बाहेर काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि आपली तेवढी गाठोड्यात बांधली. “माझी पानं काढून टाका,” ते म्हणाले.

“जशी तुमची इच्छा. करार तर मग इथेच संपला, आजोबा.”

दाराशी त्यांनी मला विचारलं, “पोरी, मागच्या बाजूला गेलाय म्हणालीस. ह्या चित्राला मागची बाजू असते का?”

“नाही, आजोबा.”

“मला वाटलंच.”

पुढच्या शनिवार-रविवारी मी घरी बसून, वसंतातल्या त्याच फोटोवरून, तीनशे एकोणचाळीस भोकांभोवती हाताने रेघा ओढल्या. प्रॉम्प्ट नाही, काही नाही. दुहेरी वेढ्याची प्रत्येक साल राखली. फुगवट्याच्या खाली अंगणातल्या शेवाळाची हिरवी झाक होती तेवढी पुसली. सोमवारी जुन्या फाइलच्या जागी, त्याच नावाने, ही ठेवली. सगळी पानं ती एकच फाइल उचलत असल्यामुळे छत्तीसच्या छत्तीस पानं एका क्षणात बदलली. मला वाटत होतं, जुनी गिऱ्हाइकं वेढा ओळखतील, चौकशा येतील, तक्रारी होतील. साहेबांना पानं उतरवावी लागतील. काहीच नाही तर निदान चित्र खरं होईल.

चौकशा आल्या नाहीत. महिन्याअखेरीस साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

“चित्र बदललंत? मला सांगायचं तरी. फार छान केलंत. लोक लिहितायत, आता हाताची वाटते म्हणून.” त्यांनी पुढे केलेल्या खोक्यात कारखान्याचा नवा नमुना होता. “फक्त दोघांनी तक्रार केली, चित्रात काठावर उंचवटा आहे, आमच्या रोवळीत नाही. मी कारखान्याला चित्र पाठवलं. बघा, आठ दिवसांत करून दिलं. हुशार लोक.”

मी काठावर बोट फिरवलं. एका ठिकाणी अडलं. दोनदा आडवी घेतलेली पट्टी, गोंदाने चिकटवलेली, अचूक त्याच जागी. माझ्या रेघा इतक्या स्वच्छ होत्या की कारखान्याला कुठेच अंदाज करावा लागला नव्हता.

मी नोकरी सोडली नाही. तसं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्या आईचं डायलिसिस चालू होतं आणि ग्वांगजूमध्ये नुक्की करणाऱ्यांना कुणी बोलावत नव्हतं.

हिवाळा उतरणीला लागल्यावर मी दाम्यांगला गेले. आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांना येऊ नकोस म्हणावं लागलं असतं, आणि ते त्यांना जमलं नसतं. आजोबा त्याच फरशीवर होते. सुल्ले आजींनी मला पाहून दार लावलं नाही, आत बोलावलंही नाही.

“आलीस? ह्यांना सांग, फोटो काढायला आलीस म्हणून. केस विंचरून बसतील.” पण थट्टा त्यांच्या आवाजापर्यंत पोचत नव्हती.

मी नव्या नमुन्याविषयी सांगायला सुरुवात केली. आजोबांनी हात वर केला. बाजारात एका बाईने तो आधीच आणून दाखवला होता. “त्या बाईने काठ चाचपला,” ते म्हणाले, “आणि मला म्हणाली, ही ग्वाकची, पण स्वस्त कशी?”

ते काठ बांधत होते. ओल्या सालीचा वेढा, मग वेढा, मग वेढा; सत्तरी ओलांडलेला हात स्वतःहून चालत होता. शेवटाला आल्यावर हात थांबला. अंगठा आपोआप आडवा वळला होता; त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून सरळ केला. साल एकेरी ओढली, टोक आत खुपसलं, सुरीने छाटलं. ते करायला त्यांना दुहेरी वेढ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

“असं होय,” आजी उंबऱ्यातून म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी ती रोवळी मागितली. त्यांनी पैसे घेतले, पूर्ण किंमत, मोजून.

बसमध्ये ती मांडीवर होती. काठावर मी बोट ठेवलं आणि फिरवत गेले, पूर्ण फेरी होऊन सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत. काठ सर्वत्र सारखा आणि नीटनेटका होता, दोन्ही बाजू एकसारख्या. बोट कुठेही अडलं नाही.